एक चेहरा, बावीस फोटो

कृत्रिम बुद्धिमत्तेकडून एकाच व्यक्तीची अनेक चित्रे करून घ्यायची असतील आणि प्रत्येक चित्रात ती व्यक्ती तीच दिसायला हवी असेल, तर संगणकाला आधी त्या चेहऱ्याची ओळख करून द्यावी लागते. ही ओळख शब्दांनी होत नाही. ‘गव्हाळ वर्ण, टपोरे डोळे, धारदार नाक’ असे कितीही बारकाईने लिहिले, तरी दर वेळी त्या वर्णनात बसणारी पण निराळीच बाई पडद्यावर येते. त्यामुळे त्या व्यक्तीचे खरे फोटो द्यावे लागतात. या संदर्भ-फोटोंची निवड नीट झाली, तर पुढचे बहुतेक काम सुरळीत होते. ती फसली, तर सूचनांमध्ये कितीही फेरफार केले तरी चेहरा हाती लागत नाही.

यंत्र फोटोतून काय शिकते

२०२२ साली गूगल रिसर्च आणि बोस्टन विद्यापीठातील संशोधकांनी ‘ड्रीमबूथ’ ही पद्धत मांडली. एखाद्या वस्तूचे किंवा प्राण्याचे अवघे तीन ते पाच फोटो दाखवून चित्रे तयार करणाऱ्या मॉडेलला ती नेमकी वस्तू शिकवता येते, हे तिने दाखवून दिले. आज चेहऱ्यांसाठी जास्त वापरली जाते ती ‘लोरा’ ही पद्धत. मायक्रोसॉफ्टमधील संशोधकांनी २०२१ मध्ये ती मुळात भाषेच्या मॉडेलांसाठी काढली होती. तीत मूळ मॉडेल तसेच ठेवून त्याला एक छोटी पुरवणी जोडतात, आणि त्या एका चेहऱ्याची माहिती या पुरवणीत साठते.

शिकवण्याची रीत अशी असते. संदर्भ-फोटोवर जुन्या टीव्हीच्या पडद्यावर येणाऱ्या मुंग्यांसारखे दाणे मिसळले जातात आणि ते काढून टाकून मूळ फोटो ओळखण्याचे काम मॉडेलला दिले जाते. प्रत्येक फेरीत त्याची चूक मोजून पुरवणी थोडी थोडी दुरुस्त केली जाते. चूक मोजली जाते ती संपूर्ण फोटोची, आणि निवडीच्या दृष्टीने हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. चेहरा कुठे संपतो आणि साडीचा पदर कुठे सुरू होतो, हे या हिशेबाला ठाऊक नसते. मागची भिंत, कानातले, गालावरची सावली हे सारे त्याच्या लेखी सारखेच.

यातून निवडीचा मूळ नियम निघतो. जे सगळ्या फोटोंत सारखे असते ते त्या व्यक्तीच्या नावावर जमा होते, आणि जे फोटोगणिक बदलते ते बाजूला पडते. जे एकाही फोटोत नसते, ते मॉडेल स्वतःच्या आधीच्या सरासरी माहितीवरून भरून काढते. म्हणून सगळ्या संचात कायम राहणारी गोष्ट एकच हवी, ती म्हणजे चेहरा. कोन, प्रकाश, हावभाव, कपडे आणि पार्श्वभूमी बदलती हवी.

लोरासाठी साधारण पंधरा ते तीस फोटो पुरतात. एकाच क्षणाचे पाठोपाठ काढलेले दहा फोटो दिल्याने दहा फोटोंचे ज्ञान मिळत नाही. मिळते एकाच फोटोचे, आणि तेही दसपट ठासून. त्यामुळे शंभर एकसुरी फोटोंपेक्षा वीस विविध फोटो केव्हाही बरे.

कोन

समोरून काढलेल्या फोटोत नाकाची उंची कळत नाही. बाजूने काढलेल्या फोटोत दोन डोळ्यांमधले अंतर कळत नाही. गुन्हेगारांची ओळख पटवण्यासाठी एक फोटो समोरून आणि एक बाजूने घेण्याची पद्धत फ्रेंच पोलीस अधिकारी आल्फाँस बर्तियाँ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजवली, ती याच कारणासाठी. चित्रे तयार करणाऱ्या मॉडेललाही चेहऱ्याची खोली अशीच निरनिराळ्या कोनांतून समजून घ्यावी लागते.

संचात समोरून, पाऊण वळलेल्या चेहऱ्याचे आणि पूर्ण बाजूने असे तिन्ही प्रकारचे फोटो हवेत. पाऊण वळलेल्या चेहऱ्याला विशेष मोल आहे, कारण त्यात नाक, गालाचे हाड आणि जबड्याची रेषा एकाच वेळी दिसतात. वळलेले फोटो डावीकडून आणि उजवीकडून, दोन्ही बाजूंचे लागतात. कोणाचाही चेहरा दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखा नसतो. भांग एका बाजूला असतो, एक भुवई किंचित वर असते, तीळ एकाच गालावर असतो. याशिवाय मान किंचित वर केलेला आणि किंचित खाली झुकवलेला असा एखादा फोटो असावा. हनुवटीचा खालचा भाग आणि कपाळाचा उतार त्यांतूनच कळतो.

कॅमेऱ्याचे अंतरही कोनाइतकेच महत्त्वाचे आहे. हात लांब करून घेतलेल्या सेल्फीत नाक कॅमेऱ्याच्या जवळ आणि कान लांब असतात, त्यामुळे नाक रुंद दिसते आणि कान मागे जातात. २०१८ मध्ये रटगर्स आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी याचे गणित मांडले. १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक, ५ फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत, सुमारे ३० टक्के रुंद भासते. सगळा संच सेल्फींचाच असेल, तर मॉडेल हे रुंद नाक खरे मानते आणि लांबून दिसणाऱ्या चित्रातही तेच काढते. म्हणून बहुतेक फोटो दुसऱ्या कोणीतरी, दीड ते दोन मीटर अंतरावरून काढलेले असावेत.

पूर्ण उंचीच्या फोटोंचा उपयोग मर्यादित असतो. एसडीएक्सएलसारखे मॉडेल १०२४ बाय १०२४ पिक्सेलांच्या चित्रावर काम करते, पण शिकण्याआधी ते चित्र दोन्ही दिशांनी आठपट आक्रसून घेते. फोटोत चेहरा शंभर पिक्सेल रुंद असेल, तर मॉडेलच्या वाट्याला जेमतेम बारा-तेरा घरे येतात आणि एक डोळा दोन-तीन घरांत मावतो. त्यातून पापणीची ठेवण शिकता येत नाही. त्यामुळे संचातला अर्ध्याहून मोठा भाग डोके व खांदे दिसणाऱ्या फोटोंचा असावा. कमरेपर्यंतचे काही आणि पूर्ण उंचीचे दोन-तीन फोटो शरीराची ठेवण कळण्यापुरते पुरेत.

प्रकाश

चेहऱ्याचा आकार डोळ्यांना कळतो तो सावल्यांमुळे. पण सावली चेहऱ्याची नसते, प्रकाशाची असते. हा फरक मॉडेलला समजायचा, तर तोच चेहरा निरनिराळ्या प्रकाशात दाखवावा लागतो. सगळे फोटो एकाच खिडकीशेजारी काढले आणि उजेड कायम डावीकडून आला, तर उजव्या गालावरची सावली त्या व्यक्तीच्या चेहऱ्यालाच चिकटते. पुढे भर दुपारच्या मैदानातले चित्र मागितले, तरी तो गाल काळवंडलेलाच येतो.

संचाचा पाया मऊ प्रकाशातल्या फोटोंचा असावा. खिडकीतून येणारा पण थेट उन्हाचा नसलेला उजेड, ओसरीची सावली किंवा ढगाळ आकाश अशा ठिकाणी चेहऱ्याचा प्रत्येक भाग स्पष्ट दिसतो. त्यावर थोडे फोटो एका बाजूने येणाऱ्या प्रकाशातले, थोडे सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हातले आणि एक-दोन घरातल्या पिवळ्या दिव्याखालचे घ्यावेत. डोक्यावरच्या दुपारच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो, आणि समोरून मारलेल्या फ्लॅशमध्ये चेहरा सपाट होतो. असे फोटो टाळावेत.

त्वचेच्या रंगाकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. अनेक फोन चेहरा ओळखून तो आपोआप उजळवतात आणि सौंदर्य-फिल्टर त्यावर आणखी एक हात फिरवतात. सावळ्या वर्णाच्या व्यक्तीचे असे फोटो संचात बहुसंख्य झाले, तर तयार होणारी व्यक्ती गोरी आणि प्लॅस्टिकसारखी गुळगुळीत होते. खरा वर्ण दाखवणारे निदान पाच-सहा फोटो दिवसाच्या उजेडातले आणि फिल्टर पूर्ण बंद ठेवून काढलेले हवेत. त्यांत त्वचेची रंध्रे, डोळ्यांखालची वर्तुळे आणि सुरकुत्या दिसल्या पाहिजेत.

हावभाव

फोटो काढायचा म्हटले की माणूस हसतो. त्यामुळे घरच्या संग्रहातून उचललेल्या संचात नव्वद टक्के वेळा एकच हसू असते. मॉडेल ते हसू चेहऱ्याचाच भाग समजते आणि मग शोकमग्न किंवा संतापलेली मुद्रा मागितली तरी ओठांचे कोपरे वरच राहतात. संचाचा मोठा भाग शांत, सहज मुद्रेचा असावा, कारण इतर भाव याच मुद्रेपासून निघतात. त्याच्या जोडीला ओठ मिटलेले स्मित, दात दिसणारे हसू, मोकळे हसणे, बोलतानाचा चेहरा आणि कपाळावर आठ्या पडलेली मुद्रा असावी. नजर प्रत्येक वेळी कॅमेऱ्याकडे नसावी. काही फोटोंत ती बाजूला किंवा खाली असावी.

दातांचा विषय अनेकदा दुर्लक्षित राहतो. हसल्यावर दिसणारी दातांची ठेवण ही ओळखीची पक्की खूण असते. ती जवळून आणि स्पष्ट दिसणारा एकही फोटो संचात नसेल, तर मॉडेल जाहिरातीतल्यासारखी सरळ दंतपंक्ती बसवून मोकळे होते. घरच्यांना चित्रात काहीतरी खटकते, पण काय ते सांगता येत नाही. अनेकदा कारण हेच असते.

एक संच कसा घडतो

समजा, एकपात्री प्रयोग करणाऱ्या चाळिशीतल्या एका अभिनेत्रीला नव्या नाटकाच्या जाहिरातीसाठी स्वतःची पाच रूपांतली चित्रे हवी आहेत. पाचही स्त्रिया वेगवेगळ्या काळांतल्या, पण प्रेक्षकाला चेहरा तिचाच ओळखू यायला हवा. तिच्या डाव्या गालावर तीळ आहे, उजव्या भुवईत जुन्या जखमेची बारीक खूण आहे आणि वरचा एक सुळा किंचित पुढे आलेला आहे.

फोनमधून आणि नातेवाइकांकडून सुमारे चारशे फोटो जमतात. पहिली चाळणी काळाची. दहा वर्षांपूर्वीचे आणि आत्ताचे फोटो एकत्र दिले, तर मॉडेल दोन्हींच्या मधली, कधीच अस्तित्वात नसलेली व्यक्ती तयार करते. म्हणून गेल्या दोन वर्षांतलेच फोटो ठेवले जातात. दुसऱ्या चाळणीत रंगभूषेतले, गॉगल घातलेले, हात किंवा केस चेहऱ्यावर आलेले, फिल्टर लावलेले आणि दुसऱ्याचा चेहरा चौकटीत शिरलेले फोटो बाद होतात. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने आलेले फोटो दाबून लहान केलेले असतात. ते मूळ मालकाकडून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पुन्हा मागवले जातात.

तिसरी चाळणी आरशाची. अनेक फोनमध्ये पुढच्या कॅमेऱ्याचा फोटो उलटा साठवला जातो, त्यामुळे काही फोटोंत तिचा तीळ उजव्या गालावर दिसतो. असे फोटो पुन्हा उलटवून सरळ केले जातात. शिकवण्याच्या काही साधनांत फोटो आपोआप उलटवून संख्या वाढवण्याची सोय असते. कोह्याच्या प्रसिद्ध स्क्रिप्टमध्ये तिचे नाव `flip_aug` आहे. चेहऱ्यासाठी ती बंदच ठेवावी लागते, नाहीतर तीळ कधी या गालावर तर कधी त्या गालावर येतो.

आता साठ फोटो उरतात. ते कोनांनुसार मांडले की उणीव लगेच दिसते. एकतीस समोरून, सतरा डावीकडे पाऊण वळलेले, उजवीकडे वळलेले पाच, पूर्ण बाजूचा एक आणि वर किंवा खाली पाहणारे सहा. तिला स्वतःची डावी बाजू आवडते, म्हणून ती नेहमी तशीच उभी राहत आली आहे. उजवी बाजू मॉडेलला कळण्याइतकी दिसतच नाही. यावर उपाय म्हणजे एका दुपारी मैत्रिणीकडून राहिलेल्या कोनांचे फोटो काढून घेणे. त्यातून अंतिम संच बावीस फोटोंचा होतो. समोरून सहा, दोन्ही बाजूंना पाऊण वळलेले प्रत्येकी चार, पूर्ण बाजूचे प्रत्येकी दोन, मान वर केलेले दोन आणि खाली झुकवलेले दोन. आणखी चार चांगले फोटो मुद्दाम बाजूला ठेवले जातात. ते शिकवण्यासाठी वापरले जात नाहीत, निकाल ताडून पाहण्यासाठी लागतात.

प्रत्येक फोटोसोबत एक ओळ लिहावी लागते. बहुतेक मॉडेले इंग्रजीत शिकलेली असल्याने ती ओळ इंग्रजीतच असते.

```
photo of vkmx woman, right profile, speaking,
side light from window, green cotton saree, plain wall
```

यातला `vkmx` हा निरर्थक शब्द म्हणजे तिच्या चेहऱ्याला दिलेले नाव. या ओळीत कोन, बोलणे, प्रकाश, साडी आणि भिंत यांचा उल्लेख आहे, कारण या गोष्टी चेहऱ्यापासून सुट्या व्हायला हव्यात. तीळ, भुवईची खूण आणि सुळा यांचा उल्लेख नाही, कारण ते नावाला चिकटून राहायला हवेत. नाकातली चमकी पाचही रूपांत हवी असेल तर ती लिहू नये. काहींत नको असेल, तर चमकी नसलेले काही फोटो घ्यावेत आणि जिथे आहे तिथे तिचा उल्लेख करावा.

निकाल कसा तपासावा

बावीस फोटो, प्रत्येक साधारण शंभर वेळा दाखवला, तर शिकवण्याच्या सुमारे २२०० फेऱ्या होतात. ठरावीक टप्प्यांवर पुरवणीची प्रत साठवून ठेवतात आणि प्रत्येक प्रतीला त्याच पाच सूचना देऊन पाहतात. शांत मुद्रा समोरून, पूर्ण बाजूने, मोकळे हसताना, संचात नसलेल्या पोशाखात आणि संचात नसलेल्या प्रकाशात. सुरुवातीचा बीजांक, म्हणजे ‘सीड’, दर वेळी एकच ठेवला की तुलना खरी होते. फार लवकरच्या प्रतीत चेहरा नुसता मिळताजुळता वाटतो. फार उशिराच्या प्रतीत चेहरा पक्का असतो, पण संचातलेच फोटो पुन्हा उमटू लागतात आणि सूचनेला दाद मिळत नाही. कामाची प्रत या दोहोंच्या मध्ये सापडते.

अभिनेत्रीच्या पहिल्या प्रयत्नात दोन दोष दिसतात. नऊवारी मागितली तरी पुन्हा पुन्हा हिरवी सुती साडी येते, आणि हसताना सुळा नाहीसा होतो. दोन्हींची मुळे संचातच सापडतात. त्या दुपारी काढलेले नऊ फोटो एकाच हिरव्या साडीतले आहेत. हसण्याच्या फोटोंपैकी एकातही दात जवळून दिसत नाहीत. नऊपैकी सहा फोटो वेगवेगळ्या कपड्यांत आणि वेगवेगळ्या भिंतींपुढे पुन्हा काढले जातात. हसण्याचे दोन फोटो बदलून दात स्पष्ट दिसणारे घेतले जातात. फोटोंची संख्या तीच राहते, शिकवण्याची रीतही तीच राहते आणि दोष जातात.

इतर दोषांचा माग याच पद्धतीने काढता येतो. बाजूचा चेहरा परका वाटला, तर त्या बाजूचे फोटो मोजावेत. त्वचा मेणासारखी दिसली, तर फिल्टर लावलेले फोटो शोधावेत. सगळ्या चित्रांत नाक फुगलेले दिसले, तर सेल्फी किती आहेत ते पाहावे. वय पुढेमागे होत असेल, तर फोटोंच्या तारखा तपासाव्यात. निकाल व्यक्तीला रोज पाहणाऱ्या माणसाला बाजूला ठेवलेल्या चार फोटोंशेजारी दाखवावा. रोजच्या सहवासातल्या माणसाची नजर अशा बाबतीत सहसा चुकत नाही. तयार झालेली चित्रे मात्र पुढच्या संचात मिसळू नयेत. त्यांतली बारीक चूक प्रत्येक फेरीत मोठी होत जाते.

शिकवणी न करता एक-दोन फोटोंवर काम भागवणारी साधनेही आहेत. २०२३ मधले ‘आयपी-अडॅप्टर’ आणि २०२४ मधले ‘इन्स्टंटआयडी’ ही त्यांतली परिचित नावे. चेहरा ओळखणारी प्रणाली फोटोचे रूपांतर आकड्यांच्या एका मालिकेत करते आणि ती मालिका चित्र तयार करताना वापरली जाते. इथे विविधतेपेक्षा एका फोटोचा नेमकेपणा मोलाचा ठरतो. फोटो समोरून काढलेला, स्पष्ट, मऊ प्रकाशातला आणि शांत मुद्रेचा असावा. मात्र एका फोटोत न दिसणारी बाजू अशा साधनाला अंदाजानेच भरावी लागते. घाईच्या कामाला ही साधने पुरतात, पण अनेक कोनांतून पाहायच्या चेहऱ्याला ती अपुरी पडतात.

संमती

चेहऱ्याची पुरवणी तयार झाली की ती ज्याच्या हाती पडेल, त्याला त्या व्यक्तीचे हवे ते चित्र तयार करता येते. म्हणून स्वतःखेरीज दुसऱ्या कोणाचे फोटो वापरण्याआधी त्या व्यक्तीची स्पष्ट संमती घ्यावी आणि चित्रे कशासाठी वापरणार ते लिहून ठेवावे. गायक अरिजित सिंग यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये त्यांचे नाव, आवाज आणि प्रतिमा यांच्या अनधिकृत वापराविरुद्ध अंतरिम संरक्षण दिले होते. प्रसिद्ध नसलेल्या माणसाचा चेहराही त्याचाच असतो. काम संपल्यावर मूळ फोटो आणि पुरवणीची फाइल त्या व्यक्तीच्या स्वाधीन करावी आणि स्वतःकडची प्रत पुसून टाकावी.